डाव्या पानावरची बाई

सोजरबाईचं ते रजिस्टर म्हणजे अंगणवाडीचं जुनं साठा रजिस्टर होतं. पुढच्या चाळीस पानांवर तांदूळ, डाळ, तेल, अंडी. त्यानंतर कोरी राहिलेली शंभरेक पानं तिनं स्वतःसाठी ठेवली होती. दुपारी पोरं जेवून घरी गेली, मदतनीस तुळजाबाई भांडी घासायला मागे बसली, की सोजरबाई ते उघडायची आणि स्वतःला शिव्या द्यायची.

दुसरा शब्द नाही. मी ती पानं वाचली आहेत. माझ्या आईच्या या मावसबहिणीनं नंतर स्वतःच ती माझ्या हातात ठेवली. सुरुवातीची सगळी पानं एकाच आवाजात आहेत. डाळ करपली त्या दिवशी: "बिनकामाची. अकरा वर्षं झाली, अजून गॅस समजत नाही." मीटिंगमध्ये तेलुगूतला प्रश्न कळला नाही त्या दिवशी: "मेंढरावानी तोंड उघडं टाकून बसलीस. बाकीच्या हसल्या. हसणारच." नवऱ्याशी, उत्तमरावांशी, कुरबूर झाली तर: "तुझ्याजवळ कोण बसंल? तू आहेसच कडू." कुठंच 'मी' नाही. सगळीकडे 'तू'. जणू ओट्यावर उभं राहून कोणी खाली बसलेल्या बाईला झापत आहे, आणि खाली बसलेली बाई ते निमूटपणे उतरवून घेते आहे.

गाव पैनगंगेच्या अलीकडचं. नदीपलीकडं महाराष्ट्र, अलीकडं आदिलाबाद जिल्हा. घरात मराठी, दफ्तरात तेलुगू, व्यापाऱ्याशी हिंदी. सोजरबाई मराठी शाळेत दहावी झालेली. अंगणवाडीत तिला सगळे टीचर म्हणत. तिच्या पटावर सहा वर्षांखालची एकेचाळीस पोरं होती.

रजिस्टरातल्या बाईपेक्षा अंगणवाडीतली बाई फार वेगळी होती, आणि हे तिच्या स्वतःच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

दर महिन्याला पोरांचं वजन करायचं असतं. छताच्या कडीला काटा टांगतात, खाली झोळी, झोळीत पोर. आकडा तक्त्यावर वयाच्या रेषेवर ठिपक्यानं मांडायचा. तक्त्याला तीन पट्टे असतात. हिरव्यात ठिपका असला तर बरं, पिवळ्यात गेला तर लक्ष द्या, लालमध्ये गेला तर दवाखाना. सोजरबाई नवीन लागली तेव्हा तुळजाबाई वजनाच्या दिवशी आयांना फार बोलायची. "काऊन वो, पोराले उपाशी ठेवतं काय? तुले पोसता येत नाई तर काढली कायले?" परिणाम असा झाला, की ज्यांची पोरं वाळलेली, नेमक्या त्याच आया वजनाच्या दिवशी शेतात निघून जायच्या. काट्यावर यायची ती सगळी गुटगुटीत.

सोजरबाईनं मग नियम केला. काट्यापाशी कोणी ओरडायचं नाही. ती आईला चारच गोष्टी विचारायची, तेही एका लयीत. किती भरलं ते आपण दोघी पाहू. कशानं उतरलं? या आठवड्यात काय देता येईल? पुन्हा कवा आणशील? ठिपका पिवळ्यात असला तर पिवळ्यातच काढायची. आईला वाईट वाटेल म्हणून तो हिरव्याकडं सरकवायची नाही, आणि आईला वाईट म्हणायचीही नाही. दोन वर्षांत लपलेली पोरं काट्यावर आली.

मग दोन हजार सोळाचा दसरा आला.

त्या दिवशी एका आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. भैंसा निर्मल जिल्ह्यात गेलं. आमचं भीमपूर नवं मंडल, म्हणजे तालुका, झालं. बसस्टँडवर फटाके वाजले. गावाला त्याचा अर्थ एवढाच कळला, की आता दाखल्याला दुसऱ्या दफ्तरात जायचं. सोजरबाईला अर्थ फोनवरून कळला. सुपरवायझर मॅडमनी सांगितलं, "सब रजिस्टर नया बनाना. नया मंडल, ऊपर नया नाम. सोमवार तक होना."

एकेचाळीस पोरांची नावं, जन्मतारखा, लसी, वजनं. सगळं नव्या रजिस्टरात उतरवायचं. हातात चार दिवस. त्याच आठवड्यात वजनाचा दिवस. त्याच आठवड्यात कापूस फुटलेला, आया पहाटेच वेचणीला गेलेल्या. सोजरबाईनं काटा टांगलाच नाही. नव्या रजिस्टरात सप्टेंबरचे आकडे उतरवता उतरवता ऑक्टोबरच्या रकान्यात प्रत्येक पोरापुढं शंभर ग्रॅम वाढवून लिहिले. पोर महिन्यात साधारण एवढं वाढतंच. रुख्मिणीच्या रेणूपुढं सप्टेंबरात सात किलो तीनशे होतं. ऑक्टोबरात सात चारशे झालं. कागदावर ठिपका हिरव्याच्या काठाला टेकला.

रुख्मिणी वीस वर्षांची. नवरा धोंडीबा हंगामापुरता भैंशाला, सरकी काढायच्या जिनिंगमध्ये. ती सासूच्या, बयनाबाईच्या, धाकात. दिवसभर ती कापूस वेचायची आणि चौदा महिन्यांची रेणू बयनाबाईपाशी असायची. दिवाळीच्या आधीपासून रेणूला हगवण लागली होती. बयनाबाई तिला कोरा चहा आणि बिस्कीट देत होती, कारण दूध पचत नाही असं तिचं मत होतं. यातलं काहीच अंगणवाडीला कळलं नाही. काट्यावर कळलं असतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर काटा टांगला. रुख्मिणी खाडा करून पोरीला घेऊन आली. रेणूला झोळीत ठेवलं, आणि झोळी जेवढी ताणायला पाहिजे तेवढी ताणलीच नाही. काटा सहा किलो तीनशेवर थांबला. सोजरबाईनं दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली. पट्टीचा लाल भाग आला.

"सहा तीन?" तुळजाबाईनं रजिस्टरात पाहिलं. "मांगच्या महिन्यात तं सात चार होतं! किलोभर उतरली?"

तिचा आवाज बाहेर ओसरीपर्यंत गेला. बयनाबाई तिथं बसलीच होती. ती आत आली.

"किती होतं म्हनलं?"

"सात चार."

"आयका वो!" बयनाबाई दारातल्या बायांकडं वळली. "दसऱ्याले सात किलोची पोट्टी होती. सरकारी कागदावर हाय. या भवानीनं महिन्याभरात वाळवून टाकली. मी म्हनत व्हतो ना, हिचं ध्यान पोरीत नाई म्हनून?"

"आत्याबाई, मी तं दिवसभर—" रुख्मिणी म्हणाली.

"तू बोलू नोको. कागद बोलून राह्यला."

एक वाक्य पुरलं असतं. तो आकडा खोटा आहे. सोजरबाई ते बोलली नाही. तिनं तातडीनं चिठ्ठी लिहिली, गाडी बोलावली आणि मायलेकींना जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. तिथं कुपोषित पोरांना आईसोबत दोन आठवडे ठेवतात. हे काम तिनं बिनचूक केलं. गाडी गेल्यावर बयनाबाई ओसरीवर मोठ्यानं म्हणाली, "पोट्टी बरी होऊन येऊ दे. पोट्टी मी ठेवून घेतो. हिले पाठवतो माहेरी. धोंडीबाले फोन केला मी."

त्या दुपारचं पान मी दोनदा वाचू शकले नाही.

"तू खुनी आहेस. खोटारडी. पोरगी मेली तर तुझ्या हातानं. तू नेहमीच अशी. काम टाळायचं आणि आकडे भरायचे. तुला लाज असती तर तू तिथंच बोलली असतीस. तू बोलणार नाहीस. तू भित्री आहेस, जन्मभर भित्रीच राहशील. तुळजाबाई तुझ्यापेक्षा बरी. कुत्रं बरं."

अशी तीन पानं. लेखणी इतकी दाबलेली, की अक्षरं मागच्या पानावर उमटली आहेत. तिनं मला सांगितलं, की लिहून झाल्यावर तिला हलकं वाटलं. शाळेत पट्टी खाऊन हात लाल झाला की मास्तर 'जा जागेवर' म्हणायचे तसं. मार खाल्ला, हिशेब मिटला. ती घरी गेली, भाकरी केल्या, जेवली. दुसऱ्या दिवशी रुख्मिणीच्या घराची गल्ली टाळून लांबून अंगणवाडीत गेली. दुपारी पुन्हा दोन पानं. रविवारची सुट्टी संपल्यावर सोमवारीही तेच. तीन दिवस तिनं स्वतःला बेदम मारलं आणि तीन दिवस रुख्मिणीवरचा आळ तिथल्या तिथं राहिला.

मंगळवारी सुपरवायझर मॅडमचा फोन आला. लाल पट्ट्यातलं पोर म्हणून वर विचारणा झाली होती.

"एक महीने में एक किलो कैसा गिरा, टीचर? ऊपरवाले पूछ रहे."

"मॅडम, वो..."

"सुनो. मैं शुक्रवार को आती. तुम जबाब लिख के रखो. माँ सेंटर को नहीं आती, बच्चे को खिलाती नहीं, बोले तो सुनती नहीं. दो औरतों का दस्तखत लेके रखो. नया मंडल है, पहला ही महीना है, मेरे को झंझट नक्को."

बयनाबाईची सही तर तयारच होती. त्या कागदावर रुख्मिणीची पोर तिच्यापासून जाणार होती. सोजरबाई, बयनाबाई, तुळजाबाई, तिघींना ते ठाऊक होतं. मॅडमला नसेल कदाचित.

बुधवारी एक आई अंगणवाडीच्या मागच्या भिंतीला टेकून उभी होती. वजनाच्या दिवशी आली नव्हती. रेणूचा बोभाटा ऐकून तिनं आपल्या पोराला पदराखाली झाकलं होतं. तुळजाबाई तोंड उघडणार, तेवढ्यात सोजरबाई पुढं झाली आणि पोराला घेऊन काट्याकडं निघाली.

"ये माय. किती भरतं ते आपण दोघी पाहू." काटा थांबला. "आठ दोन. सप्टेंबरपासून दोनशे उतरलं. कशानं उतरलं गं?"

"ताप होता, बाई. आठ दिस."

"मंग उतरनारच. आता ताप नाई ना? मंग या आठवड्यात वरणात तेल टाकून दोनदा जास्तीचं देजो. इथलं अंडं रोज घेऊन जाय. कवा आणशील?"

"बुधवारी आणतो." बाईचा खांदा खाली आला. पदर सरकला.

दुपारी सोजरबाईनं रजिस्टर उघडलं. वरती 'बुधवार' लिहिलं आणि पुढं हात आपोआप 'भित्रे,' असं लिहून गेला. ती थांबली. दोन तासांपूर्वी याच तोंडानं तिनं त्या बाईला काय विचारलं होतं? ती मागची पानं चाळत गेली. कुठंही 'कशानं' नव्हतं. कुठंही 'कवा' नव्हतं. वजनाच्या पहिल्या वर्षी तुळजाबाई आयांशी जे बोलायची तेच सगळं होतं, आणि त्या आया जिथं जायच्या तिथंच तीही गेली होती. लपायला.

म्हणून तिनं गोड लिहून पाहिलं. ती ओळ अजून आहे, आडवी रेघ मारलेली: "सोजर, तुझी काही चूक नाही. कामाचा बोजा होता. तू फार चांगली टीचर आहेस. सगळं ठीक होईल."

हे लिहिता लिहिता तिला स्वतःचंच हसू आलं, आणि लगेच तो आवाज दुप्पट जोरात आला. चूक नाही? मग सात चार कुणी लिहिलं, देवानं? गोड ओळ एका मिनिटात मेली. तिला वाटलं, की ही तर पुन्हा तीच लबाडी झाली. पिवळा ठिपका उचलून हिरव्यात ठेवण्यासारखी.

मग तिनं नवीन दुहेरी पान उघडलं. डाव्या पानावर तो आवाज जसाच्या तसा लिहायचा, एक शिवी न गाळता. त्याला दाबलं की तो दिवसभर डोक्यात बडबडतो हे तिला माहीत होतं. उजव्या पानावर काट्यापाशीचे चार प्रश्न, नाव घेऊन, समोर पोर घेऊन आलेल्या बाईला विचारतात तसे. एक अट घातली. उजवीकडं जे लिहायचं त्यावर स्वतःचा विश्वास बसला पाहिजे. नाही बसला तर खोडायचं.

डावीकडं: "तू खुनी आहेस. खोटारडी. नेहमीच अशी."

उजवीकडं तिनं आधी फक्त मोजता येईल तेवढं लिहिलं. "सोजरबाई, किती भरलं ते पाहू. ऑक्टोबरात काटा टांगला नाही. एकेचाळीस पोरांचे आकडे मनानं लिहिले. रेणूचा त्यात एक." 'खुनी' काट्यावर चढेना. रेणू जिवंत होती, दवाखान्यात होती, आणि तिला तिथं सोजरबाईनंच पाठवलं होतं. तो शब्द डावीकडंच राहिला. 'खोटारडी'पाशी ती जास्त वेळ थांबली. शेवटी लिहिलं, "आकडा खोटा लिहिला. हे खरं आहे." 'नेहमीच' हाही शब्द तिनं तपासला. लोखंडी कपाटातून जुनी रजिस्टरं काढली. अकरा वर्षांत मनानं भरलेले महिने किती, ते तिला ओळखता येत होतं, कारण त्या पानांवरची शाई एकसारखी असे. एका बैठकीत भरलेली. तीन महिने निघाले. एक सासू वारली तेव्हाचा. एक काटा मोडला होता तेव्हाचा. आणि हा. "नेहमी नाही. तीनदा. तीनदाही नको होतं."

कशानं? "चार दिवसांत एकेचाळीस नावं उतरवायची होती. आया वेचणीला होत्या. मॅडमला 'वजन राहिलं' असं सांगायची भीती वाटली, कारण तेलुगूत बोलताना जीभ अडते आणि त्या चिडतात. रकाना मोकळा ठेवता आला असता. मोकळा रकाना खरा असता. तो ठेवायची मला भीती वाटली." इथं पहिल्यांदा, सगळ्या रजिस्टरात पहिल्यांदा, 'मला' आलं आहे.

खाली आणखी एक ओळ: "भीती वाटली हे कारण आहे. रुख्मिणीला सांगायला पुरणार नाही."

तिसऱ्या प्रश्नाला ती पोचली, या आठवड्यात काय देता येईल, आणि रजिस्टर मिटून घरी गेली. उत्तर तिला माहीत होतं, म्हणून.

गुरुवारी डाव्या पानानं उसळी घेतली. "नोकरी जाईल. गाव थुंकेल. उत्तमराव काय म्हणतील? गप्प बस. तुझ्यासारखीनं खरं बोलायचा आव आणू नये." सोजरबाईनं उजवीकडं त्या आवाजालाच विचारलं. भिणाऱ्या आईला विचारतात तसं: तुला कशाची भीती वाटून राह्यली? उत्तरं सावकाश आली. पोर दगावेल. लोक पुन्हा दारात पोर आणणार नाहीत. एका पोरीची पोर आपल्यामुळं हिसकावली जाईल. तिनं ती तिन्ही ओळीनं लिहिली आणि खाली रेघ ओढली. "या भीती खऱ्या आहेत. ठेवते. शिव्या डावीकडंच राहू दे."

मला हे पान सगळ्यांत जास्त आवडतं, कारण त्यात खाडाखोड फार आहे.

त्याच संध्याकाळी तिनं उत्तमरावांना सांगितलं. ते जेवत होते.

"येडी झाली काय? मॅडमनं वाट काढून देल्ली तं तुले फाटा फोडाचा हाय?"

"त्या वाटेवर रुख्मिणी पडते."

"रुख्मिणी तुही कोन?"

"कोनी नाई."

"मंग?"

"तिच्या पोरीचा आकडा म्या लिवला."

उत्तमरावांनी ताट सरकवलं आणि उठून गेले. चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

शुक्रवारी मॅडम आल्या. अंगणवाडीत सतरंजी टाकली होती. बयनाबाई पुढंच बसलेली, पाठीमागं गल्लीतल्या सातआठ जणी. रुख्मिणी दवाखान्यात, त्यामुळं तिच्या बाजूनं कोणीच नव्हतं. सोजरबाईनं कागद काढला. उजव्या पानावरून उतरवलेला. भीती जाईपर्यंत वाट पाहायची नाही, हे तिनं आदल्या दिवशीच ठरवलं होतं.

तिनं मराठीत वाचलं. "ऑक्टोबर महिन्यात मी या केंद्रात एकाही पोराचं वजन केलं नाही. रजिस्टरातले एकेचाळीस आकडे मी अंदाजानं लिहिले. रेणूचं सात चार हे खरं वजन नाही. ती कधी आणि किती उतरली हे कुणालाच ठाऊक नाही. तिच्या आईचा दोष या आकड्यावरून काढता येत नाही. चूक माझी आहे. बाकीच्या चाळीस पोरांचं वजन मी काल आणि आज पुन्हा केलं. दोन पिवळ्यात आहेत. त्यांच्या आयांना सांगितलं आहे. यापुढं वजन झालं नाही तर रकाना मोकळा राहील."

मॅडमला मराठी पुरतं कळत होतं.

"पागल हो गए क्या, टीचर? मैं क्या बोली थी, तुम क्या लिखे?"

"मॅडम, जो हुआ वो लिखी."

"मेमो आएगा तुम्हारे को. मेरे को भी आएगा. समझे?"

"समझी."

बयनाबाई उठली. तिला आकड्याचं काही नव्हतं. पण हातातलं हत्यार काढून घेतलं हे तिला नेमकं कळलं. "म्हंजे माह्या सुनेवर नाई, तं कोनावर? माह्यावर? आता म्या उपाशी ठेवली म्हन!"

"तुमच्यावर कोनी म्हनत नाई, बयनाबाई. पोर आजारी होती."

"तू खोटं लिवनारी, तुह्या तोंडून मी आयकू? थू तुह्यावर. अकरा वर्षं आमच्या लेकरायचं अंडं खाल्लं आन् वजनं मनानं लिवली! इच्यापाशी कोनी आपलं पोट्टं पाठवू नका वो!"

अंडं कोणी खाल्लं नव्हतं. पण दोन बाया खाली पाहत उठून गेल्या. एकीनं जाता जाता तुळजाबाईला म्हटलं, "एवढ्या शिकल्या-सवरल्या बाईनं असं कराव?" तुळजाबाईनं तोंड वळवलं. मॅडमनी कागदावर सही घेतली, शिक्का मारला आणि चहा न घेता निघून गेल्या.

त्या दुपारचं डावं पान: "बघितलंस? सांगितलं होतं. सगळ्या थुंकल्या. आता कर तुझं खरं." उजवं पान: "हो, थुंकल्या. बयनाबाईचं अंड्याचं खोटं आहे. वजनाचं खरं आहे. दोन्ही एकत्र गिळू नको. वाईट वाटतंय. वाटू दे. सोमवारी दवाखान्यात जा. रुख्मिणीला हे दुसऱ्याच्या तोंडून कळू नये."

सोमवारी ती बसनं आदिलाबादला गेली. रुख्मिणी खाटेवर बसून रेणूला वाटीतून दूध पाजत होती, दवाखान्यात मोजून देतात ते. सोजरबाईनं उभ्यानंच सांगितलं. माफ कर असं ती म्हणाली नाही; त्यानं रुख्मिणीवर आणखी एक ओझं पडलं असतं, असं तिला वाटलं.

रुख्मिणीनं चमचा वाटीत ठेवला. "म्हंजे तो आकडा खोटा व्हता."

"हो."

"चार दिवस फोनवर मले माझा नवरा काय काय बोलला, ठावं हाय?"

"नाई."

"तुमाले ठावं असतं तरी गप्पच बसले असते तुमी." ती रेणूकडं वळली. "मी रातभर देवाले इचारत होतो, माझ्या हातून काय चुकलं. जा तुमी आता."

सोजरबाई गेली. परतीच्या बसमध्ये तिनं काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या उजव्या पानावर एवढंच आहे: "तिचा राग बरोबर आहे. तो कमी करणं माझ्या हातात नाही. कागदाची नक्कल धोंडीबाला पाठवणं माझ्या हातात आहे." नक्कल भैंशाला जाणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर गेली. धोंडीबा त्या रविवारी आला, आईशी कडाकडा भांडला आणि दवाखान्यातून मायलेकींना घेऊन आपल्या घरी आला. रुख्मिणीला माहेरी पाठवायची गोष्ट त्यानंतर उघडपणे कोणी काढली नाही. बयनाबाईनं सुनेशी बोलणं टाकलं, ते बरेच महिने. मेमो आला. सोजरबाईचा जबाब वर गेला, आणि तिला ताकीद मिळून ती कामावर राहिली. मॅडम दर मीटिंगला सगळ्यांसमोर विचारत, "टीचर, इस महीने का वजन सच्चा है ना?" बाकीच्या हसत.

डिसेंबरात काटा टांगला. बयनाबाईनं सांगूनही बहुतेक आया आल्या; दोन आल्या नाहीत. रुख्मिणी सगळ्यांत शेवटी आली. रेणूला तिनं स्वतः झोळीत ठेवलं. सोजरबाई आकडा पाहायला पुढं वाकली, तर रुख्मिणीनं मधे हात घातला.

"तुमी नोका सांगू. मले पाहू द्या."

ती काट्यासमोर उभी राहिली. शाळा सातवीपर्यंतची. तिला आकडे वाचता येत होते, पण काट्यावरच्या बारीक रेघा मोजायला वेळ लागला. बोटानं एकेक मोजली.

"सात... आन् एक. सात किलो शंभर."

"बरोबर."

"तुमाले इचारलं नाई मी. लिवा. माझ्यासमोर लिवा."

सोजरबाईनं लिहिलं. तक्त्यावर ठिपका मांडला. पिवळ्यात, लाल पट्ट्याच्या जरा वर. रुख्मिणीनं पेनाचं टोक कुठं टेकलं तेही वाकून पाहिलं, मग पोर काखेत घेतली.

"कशानं वाढलं ते नाई इचारत?" ती कडवटपणे म्हणाली.

"इचारते. काय देऊन राह्यली?"

"वरनात तेल. दूध. अंडं. आत्याबाई बघत नाई तवा." ती दारात थांबली. "बुधवारी आणतो."

त्या दिवशी डाव्या पानावर लिहिलं आहे: "ती आता जन्मभर तुझ्यावर भरोसा ठेवणार नाही. आणि का ठेवावा?"

उजवीकडं: "खरं असेल. तिनं काटा स्वतः वाचला. पुढच्या महिन्यापासून सगळ्या आयांना वाचायला शिकव. रेघा बारीक आहेत, शंभर-शंभरच्या. पहिल्या दिवशी वेळ लागेल."